‘सिम नाही’ आणि ‘हे सिम नको’: फोनचे दोन वेगळे निरोप

सिम चालेना म्हणून माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात येणारा माणूस बहुतेक वेळा दोन कामं आधीच करून आलेला असतो. सिम काढून शर्टाला पुसलेलं असतं आणि फोन चार-पाच वेळा बंद-चालू केलेला असतो. पण स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलं होतं, असं विचारलं की उत्तर मिळतं, “ते सिमचंच काहीतरी.” निम्मं निदान त्या दोन-तीन शब्दांतच असतं. म्हणून पुढे काहीही करण्याआधी ते शब्द जसेच्या तसे कागदावर लिहून घ्या, किंवा दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा. पुढे मेसेज बदलला, तर तो बदलही तितकाच कामाचा असतो.

फोन आणि सिम एकमेकांशी काय बोलतात

सिम म्हणजे नुसती प्लॅस्टिकची चकती नाही. त्या सोनेरी पट्टीखाली एक चिमुकला संगणक असतो. फोन सुरू झाला की स्लॉटमधल्या स्प्रिंगसारख्या पिना त्या पट्टीला टेकतात, तिथून सिमला वीज मिळते आणि फोन विचारतो, “कोणी आहे का?” सिमने उत्तर दिलं तर बोलणं पुढे सरकतं. उत्तरच आलं नाही, तर आयफोन `No SIM` म्हणतो आणि अँड्रॉइड `No SIM card` किंवा `Insert SIM` अशा अर्थाचं काहीतरी दाखवतो. याचा अर्थ दोघांची भेटच झाली नाही. ट्रे, घाण, झिजलेलं कार्ड, वाकलेली पिन हे सगळे इथले संशयित.

उत्तर आलं, तर फोन सिममधून एक पंधरा आकडी क्रमांक वाचतो. हा तुमचा मोबाइल नंबर नव्हे, कंपनीने त्या कार्डाला दिलेला आतला क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात, भारतासाठी 404 किंवा 405. पुढचे दोन-तीन आकडे कंपनी सांगतात. फोन एखाद्या कंपनीला बांधलेला, म्हणजे लॉक केलेला असेल, तर तो हे आकडे बघूनच सिम नाकारतो. आयफोनवर तेव्हा `SIM Not Supported` किंवा `SIM Not Valid` येतं, अँड्रॉइडवर बऱ्याचदा `SIM network unlock PIN` मागितला जातो.

तिसरी पायरी नेटवर्कची. फोनने सिम मान्य केलं, पण कंपनीने ते ओळखलं नाही, असंही होतं. बंद पडलेला नंबर किंवा अजून चालू न झालेलं नवीन सिम इथे अडकतं.

हा क्रम ध्यानात ठेवला की बरीच फुकटची धावपळ वाचते. `SIM Not Supported` आलेलं सिम कितीही घासलं तरी चालणार नाही, कारण फोनने ते वाचून झालेलं आहे. आणि `No SIM` आलेल्या फोनचं लॉक काढायला पैसे मोजणं व्यर्थ आहे, कारण गोष्ट लॉकपर्यंत पोचलेलीच नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. `Invalid SIM` हे शब्द दोन्हीकडे येतात. कनेक्शन अर्धवट लागत असेल आणि वाचता वाचता तुटत असेल, तरी काही फोन ‘अवैध’ म्हणतात. म्हणून हे शब्द दिसले, तर खालची अदलाबदल टाळू नका.

साफसफाईच्या आधी अदलाबदल

घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी चालू फोन घ्या, शक्यतो भारतात विकत घेतलेला. दोन्ही फोन बंद करा. तुमचं सिम त्या फोनमध्ये आणि त्यांचं सिम तुमच्या फोनमध्ये घाला. दोन्ही चालू करून तीन-चार मिनिटं थांबा, नेटवर्क शोधायला तेवढा वेळ लागू शकतो.

तुमचं सिम तिकडेही चाललं नाही आणि त्यांचं तुमच्याकडे चाललं, तर दोष कार्डात किंवा नंबरात आहे. तुमचं सिम तिकडे चाललं आणि त्यांचं तुमच्या फोनमध्ये दिसेना, तर दोष फोनच्या स्लॉटमध्ये, ट्रेमध्ये किंवा फोनच्या आत आहे. दोन्ही सिम दोन्हीकडे चालली, तर तुमचं सिम आधी नीट बसलेलं नव्हतं. आणि तुमच्या फोनमध्ये एका कंपनीचं सिम चालतं पण दुसरीचं ‘मान्य नाही’ म्हणतो, तर लॉकचा संशय घ्या. दोन सिमच्या फोनमध्ये आणखी एक चाचणी फुकट मिळते. सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा.

जिओचं सिम फक्त 4जी आणि त्यापुढच्या नेटवर्कवर चालतं. त्यामुळे ते जुन्या 2जी-3जी फोनमध्ये घालून “सिम मेलं” असं ठरवू नका. त्या फोनला ते नेटवर्क मिळणारच नाही.

ट्रे आणि पट्टी साफ करायची ती अशी

फोन पूर्ण बंद करा. ट्रे काढायची पिन ज्या भोकात घालायची ते भोक ट्रेच्या चौकटीवरच असतं. खालच्या किंवा वरच्या कडेला तसंच दिसणारं एक भोक माइकचं असतं. त्यात पिन खुपसली तर सिमचं दुखणं राहतं बाजूला आणि समोरच्याला तुमचा आवाज जायचा बंद होतो. पिन सरळ दाबा, ट्रे आपोआप जरासा बाहेर येईल.

कार्डाची सोनेरी बाजू आधी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. चष्म्याचं कापड उत्तम. घामाचा, तेलाचा थर असेल, तर कापडाच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून पुसा. हे केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, 90 टक्क्यांच्या वरचं घ्या. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन आणि पाणी मागे राहतं. ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने तर मुळीच घासू नका. वरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. तो गेला की खालचा धातू दमट हवेत काळा पडतो आणि पंधरा दिवसांनी तोच त्रास जास्त जोरात परत येतो. कोकणातून आलेल्या फोनमध्ये हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

ट्रेही पुसा. कोपऱ्यात कापसासारखा कचरा साठतो, त्याने कार्ड एका बाजूने उचललं जातं. ट्रे सपाट टेबलावर ठेवून बघा. वाकला असेल, तर तेवढ्यानेही पिना नीट टेकत नाहीत. ट्रे वेगळा विकत मिळतो, पण आपल्याच मॉडेलचा घ्यावा लागतो.

स्लॉटच्या आत मात्र काहीही घालू नका. टाचणी नको, काडी नको, कानात घालायचा कापूसही नको. आतल्या पिना केसाएवढ्या बारीक असतात आणि एकदा वाकल्या की घरी सरळ होत नाहीत. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायला जो रबरी फुगा मिळतो, त्याने बाहेरूनच तीन-चार वेळा हवा मारा. तोंडाने फुंकू नका, फुंकरीबरोबर ओल आत जाते. पाच-दहा मिनिटं सगळं वाळू द्या. मग कार्डाचा कापलेला कोपरा ट्रेच्या खाचेशी जुळवून बसवा. बोट फिरवल्यावर कार्ड ट्रेच्या वर उठलेलं लागता कामा नये. ट्रे आत ढकलताना जोर लावावा लागला, तर थांबा आणि पुन्हा बघा.

कार्डाचाच दोष असेल तर

जुनं मोठं सिम कात्रीने किंवा कटरने कापून नॅनो केलेलं अजूनही बरेच जण वापरतात. मोजमापाने ते बरोबर असतं, पण जाडीने नसतं. मूळ नॅनो सिमची जाडी 0.67 मिलिमीटर, जुन्या मोठ्या सिमची 0.76. हा फरक नखानेही कळत नाही, पण स्लॉटला कळतो. कार्ड दाटून बसतं, पिना दबतात आणि फोन हलला की सिम ‘गायब’ होतं. कापताना पट्टीची कड गेली असेल, तर मग ते कधी चालेल, कधी चालणार नाही.

याहून वाईट म्हणजे रिकामा अडॅप्टर. नॅनो सिम मोठ्या स्लॉटमध्ये घालायची ती प्लॅस्टिकची चौकट सिमशिवाय आत ढकलली, तर स्लॉटमधल्या पिना तिच्या मधल्या भोकात अडकतात आणि ओढून काढताना उपटून येतात. असं झालंच, तर ओढू नका, दुकानात न्या.

कार्ड बदलणं सोपं आहे. ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने आधार घेऊन कंपनीच्या गॅलरीत जायचं, नंबर तोच राहतो. पण वेळ विचार करून निवडा. नवीन सिम चालू झाल्यापासून 24 तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. कोणी तुमच्या नकळत सिम बदलून बँकेचे ओटीपी पळवू नयेत, म्हणून हा नियम आहे. त्यामुळे उद्या विमा भरायचा आहे किंवा तिकीट काढायचं आहे, अशा दिवशी सिम बदलू नका. 1 जुलै 2024 पासून आणखी एक नियम आहे. सिम बदलल्यानंतर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही.

सिम दिसतं, पण नाकारलं जातं

इथे आधी साध्या गोष्टी बघा. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर ते सिम बंद करून ठेवलेलं नाही ना? अँड्रॉइडमध्ये प्रत्येक सिमपुढे बटण असतं आणि ते चुकून बंद होतं. एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा. नेटवर्क सेटिंग रीसेट करूनही बघता येतं, पण त्यात वायफायचे सगळे पासवर्ड पुसले जातात. अँड्रॉइडमध्ये तिथेच ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच साठवलेलं सिम, पुसण्याचाही पर्याय असू शकतो. त्याला हात लावू नका, नाहीतर चालू असलेला दुसरा नंबरही घालवून बसाल.

फोन सिमचा पिन मागत असेल, तर अंदाजाने टाकत बसू नका. तीन चुकांनंतर सिम अडतं आणि पीयूके मागतं. तो आठ आकडी कोड कंपनीकडून मिळतो. तो दहा वेळा चुकला, तर ते कार्ड कायमचं निकामी होतं आणि नवीनच घ्यावं लागतं.

काही अँड्रॉइड फोन `SIM not provisioned MM#2` असं लिहितात. त्यातला आकडा हाच खरा निरोप आहे, आणि तो नेटवर्ककडून आलेला असतो. `MM#2` म्हणजे कंपनीच्या नोंदीत हे कार्ड सापडत नाही. नवीन सिम अजून चालू झालेलं नाही, किंवा जुना नंबर बंद झाला आहे. अशा वेळी फोन उघडायचं काही कारण नाही, कंपनीला फोन करा. `MM#3` म्हणजे कंपनीने हे सिम नाकारलं. `MM#6` आला, तर जरा थांबून विचार करा. नेटवर्कने सिमला नाही, तर तुमच्या हातातल्या फोनलाच नकार दिलेला असतो. चोरीची तक्रार झालेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बंद केला जातो, तेव्हा असं होतं. वापरलेला फोन घेण्याआधीच `*#06#` डायल करून पंधरा आकडी आयएमईआय बघा आणि 14422 या नंबरवर असा एसएमएस पाठवा:

```
KYM <15 आकडी IMEI>
```

तो फोन काळ्या यादीत असेल, तर उत्तरात कळतं. पैसे देण्याआधी दोन मिनिटं लागतात.

परदेशातून आलेला फोन आणि काकूंचं सिम

डिसेंबरात एक काकू कराडच्या माझ्या दुकानात आल्या. मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने स्वतः वापरलेला आयफोन 13 आईसाठी आणून ठेवला आणि तो परत गेला. काकूंनी जुन्या फोनमधलं सिम त्यात घातलं, तर `No SIM`. ते सिम बारा-तेरा वर्षांपूर्वीचं, कात्रीने कापलेलं. तेच सिम मी माझ्या फोनमध्ये घालून बघितलं, तिथेही दिसेना. माझं सिम त्यांच्या फोनमध्ये घातलं, तर ते लगेच ओळखलं गेलं, पण मेसेज आला `SIM Not Supported`.

खरं तर मी तिथेच थांबून दोन्ही गोष्टी त्यांना नीट समजावून सांगायला हव्या होत्या. गर्दी होती. “कार्ड बदलून घ्या” एवढंच सांगून मी त्यांना पाठवलं. त्या गॅलरीत गेल्या, नवीन नॅनो सिम घेतलं, चालू झाल्याचं कळलं आणि फोनवर आला `SIM Not Supported`. दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅलरी, पुन्हा नवीन सिम. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. “अरे दादा, दोन्ही सिम खराबच दिलीयेत बघ त्यांनी.”

सिम खराब नव्हतं. मेसेज `No SIM` वरून `SIM Not Supported` वर गेला, म्हणजे एक अडचण सुटून खरी दुसरी समोर आली होती. मी त्यांच्या फोनमध्ये हे पान उघडलं:

```
Settings > General > About > Carrier Lock
```

तिथे `SIM locked` लिहिलेलं होतं. फोन मोकळा असता, तर `No SIM restrictions` दिसलं असतं. परदेशातून येणारा आयफोन हाती पडला की सिम घालण्याआधी ही एक ओळ वाचावी.

अमेरिकेत बरेच जण फोन मोबाइल कंपनीकडूनच हप्त्यांवर घेतात आणि हप्ते फिटेपर्यंत कंपनी तो स्वतःच्या सिमला बांधून ठेवते. ते लॉक फक्त तीच कंपनी काढू शकते. इथल्या गॅलरीच्या हातात ते नाही, माझ्या हातात नाही, फोन बनवणाऱ्या कंपनीचं सर्व्हिस सेंटरही स्वतःहून ते काढत नाही. काकूंनी मुलाला फोन लावला. त्याचे दोन हप्ते राहिले होते. त्याने ते भरले आणि कंपनीच्या वेबसाइटवर आयएमईआय टाकून लॉक काढायची विनंती केली. त्या विनंतीत काय बघितलं जातं ते साधं आहे: फोनचे पैसे फिटले का, फोन चोरीला गेल्याची नोंद नाही ना, आणि कंपनीने ठरवलेले दिवस तिच्या नेटवर्कवर फोन वापरला गेला का. मंजुरीचा ईमेल तीन दिवसांनी आला.

आयफोनमध्ये यासाठी कुठला कोड टाकायचा नसतो. मंजुरी आल्यावर फोन वायफायला जोडायचा, सिम आत ठेवून बंद-चालू करायचा. काकूंच्या फोनमध्ये तेवढ्याने भागलं, `No SIM restrictions` आलं आणि वर नेटवर्कच्या काड्या दिसल्या. भागलं नाही, तर बॅकअप घेऊन फोन पूर्ण पुसून पुन्हा सेट करावा लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये मात्र कंपनी एक कोड देते आणि तो `SIM network unlock PIN` च्या चौकटीत टाकायचा असतो. त्यालाही प्रयत्नांची मर्यादा असते. अंदाजाने आकडे टाकत राहिलात, तर खरा कोड आल्यावरही चौकट उघडत नाही.

बाजारात काही जण सिमखाली चिकटवायची एक पातळ चिप देतात आणि “लॉक निघालं” म्हणून सांगतात. लॉक निघत नाही. ती चिप फोनला खोटा क्रमांक दाखवते, आणि एखाद्या अपडेटनंतर फोन पुन्हा तिथेच येतो. शिवाय चिपेमुळे कार्ड जाड होतं आणि स्लॉटच्या पिना दबतात. कोणाला देऊ नये, म्हणून मी ती दुकानात ठेवत नाही.

अमेरिकेहून फोन येणार असेल, तर दोन गोष्टी तो विमानात बसायच्या आधी विचारा. एक म्हणजे `Carrier Lock` च्या पुढे काय लिहिलं आहे. दुसरी म्हणजे मॉडेल कोणतं. आयफोन 14 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा ट्रेच नाही, ते फक्त ई-सिमवर चालतात. आईच्या कंपनीकडून तिच्या नंबराचं ई-सिम करून घ्यावं लागेल आणि त्या 24 तासांच्या एसएमएस बंदीची तयारीही ठेवावी लागेल.

आणि तरीही नाहीच दिसलं, तर

दोन-तीन चांगली सिम घालूनही `No SIM` जात नसेल, तर `*#06#` डायल करा. आयएमईआय नीट दिसला, तर फोनचा नेटवर्कचा भाग जिवंत असावा आणि संशय स्लॉटवर जातो. आम्ही त्याला सिम जॅक म्हणतो. काही फोनमध्ये तो एका छोट्या सुट्या पट्टीवर असतो आणि तासाभरात बदलता येतो. काहींमध्ये तो मुख्य बोर्डावर डकवलेला असतो, तिथे गरम हवेच्या मशीनचं काम असतं. ते ज्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे अशाच माणसाकडे द्या.

आयएमईआयच्या जागी रिकामं, `null` किंवा नुसती शून्यं आली, तर मॉडेम, म्हणजे तोच नेटवर्कचा भाग, बंद आहे. फोन पडल्यावर किंवा पाण्यात गेल्यावर असं होतं, क्वचित अपडेट अर्धवट राहिल्यानेही. आयफोनमध्ये हेच `About` च्या पानावर `Modem Firmware` ची ओळ नसल्यावरून कळतं. अशा फोनचं सिम साफ करायला कोणी शंभर रुपये मागितले, तरी देऊ नका. आधी डेटाचा बॅकअप घ्या, वायफायवर तो अजून निघतो, आणि मगच बोर्ड उघडू द्या.